मदत हवी आहे: एआयच्या आरोपाच्या धास्तीने बहीण मुद्दाम वाईट लिहितेय

धाकटी बहीण एमएच्या प्रबंधिकेचं इंग्रजी मुद्दाम बिघडवतेय. वर्गातल्या एका मुलीवर डिटेक्टरच्या आकड्यावरून एआय वापरल्याचा आळ आला, तेव्हापासून हिने धसका घेतलाय. काल माझ्यासमोर ‘नेव्हरदलेस’ खोडून ‘बट’ केलं, एक छान लांब वाक्य तोडून तीन तुकडे केले, वर दोन ठिकाणी ‘द’ गाळला. म्हणे, चुका दिसल्या की माणसाचं वाटतं!

माझ्या मते हे उलट अंगाशी येईल. बरेच डिटेक्टर पुढचा शब्द किती सहज ओळखता येतो हे बघतात, आणि साधे, ठरावीक शब्द तर सहजच ओळखता येतात. 2023 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे टोफेलचे 91 निबंध सात डिटेक्टरना दिले. सरासरी निम्म्याहून जास्त एआयचे ठरले. शब्दसंपदा वाढवल्यावर हे प्रमाण बरंच घटलं.

ती गूगल डॉक्समध्ये लिहिते, म्हणजे व्हर्जन हिस्टरी आहे. कच्च्या नोंदीही आहेत. हे गाइडना आधीच दाखवावं, की त्यानेच संशय येईल? आणि आरोप झालाच, तर तुमच्या विद्यापीठात तोंडी परीक्षा मागता आली का? कोणाकडे दाद मागितलीत? प्राध्यापक मंडळींनीही सांगा प्लीज.