लाल ऑइलचा दिवा लागलाय, गॅरेजपर्यंत चालवू का?

केतकी (बी विंग): कोणी ऑनलाइन आहे का? गाडीच्या मीटरमध्ये तेलाच्या किटलीसारखा लाल दिवा लागलाय. गाडी बाजूला घेतली आहे, इंजिन चालू आहे. गॅरेज तीन किलोमीटरवर आहे. हळूहळू नेऊ का?

मोहिते काका: केतकी, आधी इंजिन बंद कर. मग बोलू.

केतकी: केलं काका.

समीर (ए विंग): ताई, डिपस्टिक बघा. ऑइल असेल तर काही होत नाही, सेन्सर खराब असतो बऱ्याचदा. वीसच्या स्पीडने न्या.

मोहिते काका: समीर, थांब जरा. हा दिवा ऑइल किती आहे ते सांगत नाही, ऑइलचं प्रेशर सांगतो. गाडी रस्त्यावर चालताना प्रेशर साधारण दोन ते चार बार असतं. हा दिवा बहुतेक गाड्यांत ते अर्ध्या बारच्याही खाली गेल्यावर लागतो. म्हणजे दिवा दिसतो तेव्हा प्रेशर जवळजवळ संपलेलं असतं. क्रँकची बेअरिंगं ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतात. तो थर गेला की धातूवर धातू घासतो आणि गाडी हळू चालवली तरी ते थांबत नाही. तीन किलोमीटर म्हणजे वीसच्या स्पीडने नऊ मिनिटं. इंजिन जाम व्हायला तेवढी पुरतात.

केतकी: मग डिपस्टिक बघूच नको का?

मोहिते काका: बघ ना. गाडी सपाट जागेवर असू दे, पाच-दहा मिनिटं थांब म्हणजे वर गेलेलं ऑइल खाली उतरेल. काठी काढ, पूस, पुन्हा पूर्ण आत घाल आणि मग वाच. खाली वाकून ऑइल टपकतंय का तेही बघ. आणि दिवा लागायच्या आधी गाडी कशावर आपटली होती का?

केतकी: हो! वळणावर एका दगडावरून गेली, खालून जोरात आवाज आला. दिवा त्यानंतर थोड्याच वेळात लागला.

केतकी: काठी बघितली. ऑइल वरच्या खुणेच्याही किंचित वर आहे. खाली एक थेंब नाही.

समीर: मग तर ऑइल भरपूर आहे की.

मोहिते काका: समीर, म्हणूनच मला जास्त काळजी वाटते. इंजिनच्या तळाला जो ऑइल चेंबर असतो, त्याला दगडाचा मार लागून पत्रा आत दबला असणार. पंप जिथून ऑइल ओढतो ती जाळी तळाच्या अगदी जवळ असते. पत्रा तिला टेकला की पंपाला ऑइल मिळतच नाही. चेंबर दबल्यामुळे आतली जागा कमी होते, म्हणून काठीवर पातळी वर दिसते. गळती नाही, ऑइल भरपूर, तरी प्रेशर नाही. केतकी, टोइंग बोलाव. मध्ये एकदाही स्टार्ट करून बघू नकोस.

केतकी: बोलावलं.

समीर: आणि काका, काठीवर ऑइल कमी दिसलं असतं तर?

मोहिते काका: तर योग्य ग्रेडचं ऑइल भरायचं. खालच्या ते वरच्या खुणेपर्यंत साधारण एक लिटर लागतं. मग स्टार्ट केल्यावर दोन-तीन सेकंदांत दिवा विझला, खालून गळत नसेल आणि इंजिनातून टकटक येत नसेल, तर मीटरवर नजर ठेवून गॅरेजपर्यंत नेता येते. नाही विझला तर लगेच बंद. सेन्सर खराब असू शकतो हे तुझं बरोबर आहे, पण ते गाडीत बसून कळत नाही. मेकॅनिक सेन्सर काढून तिथे प्रेशर गेज लावतो, तेव्हाच कळतं.

शुभदा (सी विंग): माझ्याकडे किटलीचाच दिवा आहे पण पिवळा, खाली लाट काढल्यासारखी रेघ. तोही असाच?

मोहिते काका: नाही शुभदाताई, तो पातळी कमी झाल्याचा. आजच ऑइल तपासून भरा, तोवर सावकाश चालवायला हरकत नाही. इंजिनच्या चित्राचा पिवळा दिवा स्थिर असेल तरी गॅरेजपर्यंत आरामात जाता येतं. तो लुकलुकत असेल तर मात्र एखादा सिलिंडर मिस करतोय, न जळलेलं इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतं आणि तो तापून खराब होतो. तेव्हा ॲक्सिलरेटर लगेच सोडायचा. तरीही लुकलुकत राहिला किंवा गाडी थरथरत असेल, तर बाजूला घेऊन बंद करायची.

समीर: चालत्या गाडीत लाल दिवा लागला तर तिथेच किल्ली फिरवायची का?

मोहिते काका: अजिबात नाही. स्टिअरिंग जड होतं, किल्ली बाहेर आली तर लॉकही होतं. ॲक्सिलरेटर सोड, हॅझर्ड लाव, न्यूट्रलमध्ये कडेला घे, थांबल्यावर बंद कर. तेवढे काही सेकंद चालतात.

केतकी: गाडी गॅरेजमध्ये पोचली. चेंबर आत दबलाय, जाळीला टेकलेला होता. नवा चेंबर टाकतायत. गेज लावून प्रेशर बघितल्याशिवाय देणार नाहीत म्हणाले.

मोहिते काका: छान. जाळी वाकली असेल तर तीही बदलायला सांग, आणि उघडलंच आहे तर तळात धातूचा चुरा आहे का ते स्वतः बघ.

केतकी: बघितलं काका, चुरा नाही. जाळी बदलतायत.