गँट असताना तक्ता कशाला? (केळी पॅकहाऊस, रावेर)

मूळ पोस्ट, तापीकाठ: प्रस्तावात गँटचा, म्हणजे कामांच्या पट्ट्यांच्या आलेखाचा, फोटो डकवला की झालं. सगळं दिसतं. पुन्हा टप्प्यांचा तक्ता मागणं ही निव्वळ कारकुनी.

जळगावकर_सिव्हिल: सगळं दिसतं? ए-फोरवर चाळीस पट्ट्या छापून बघा, नावंसुद्धा वाचता येत नाहीत. पट्टी काम किती दिवस चालेल ते सांगते. मंजुरी देणाऱ्याला विचारायचं असतं, कधी काय हातात पडेल आणि ते झालं हे कोण म्हणेल. तुमच्याच कामात पाया आठवडा 5 ते 8 आहे. तक्त्यात खोदाई, स्टील, काँक्रीट अशा तीन ओळी नकोत, एकच पुरे: ‘आठवडा 8 अखेर जोत्यापर्यंत काम पूर्ण; हाती काय येईल: मोजमाप पुस्तिकेतली नोंद व फोटो; तपासणी: सल्लागार अभियंता’. ‘पायाचे काम सुरू’ हा टप्पा नव्हे, त्यावर कोणी सही करत नाही.

केळीवाला: आठवडे कसले, सरळ तारखा टाका भो.

जळगावकर_सिव्हिल: कार्यादेश कधी निघेल ते तुमच्या हातात आहे का? तारीख हुकली की अख्खा तक्ता खोटा.

केळीवाला: आणि आठवडे खरे? कार्यादेश 1 फेब्रुवारीला निघाला तर पाया मार्चमध्ये. 1 मेला निघाला तर तोच पाया 29 मे ते 25 जून. काळ्या मातीत, पावसात खड्डा खणून दाखवा!

जळगावकर_सिव्हिल: हे मात्र बरोबर बोललात, नाइलाजाने मानतो. आठवडेच ठेवा, पण खाली गृहीतक लिहा: ‘खोदाई 31 मेपर्यंत न संपल्यास पाया व पुढचे टप्पे ऑक्टोबरपासून मोजावेत.’ गँटमध्ये बाण होते, शेड पायावर टेकलेली दिसत होती. तक्त्यात बाण जातात, म्हणून ‘आधी काय हवं’ हा रकाना लागतोच.

धुळे_ठेकेदार: तुमचे रकाने राहू द्या. माझा हप्ता ‘शेड पूर्ण’वर होता. शेड उभी राहिली, एक दरवाजा यायचा बाकी, तर साहेब म्हणे पूर्ण नाही. पैसे अडकले, मजुरांना खिशातून दिले.

जळगावकर_सिव्हिल: ‘पूर्ण’ म्हणजे काय, हे तक्त्यात लिहिलं होतं का?

धुळे_ठेकेदार: तुम्ही साहेबाच्या बाजूचे का?

केळीवाला: अहो, त्यांचा मुद्दा रास्त आहे. हप्त्याची ओळ दरवाजावर नको, छतावर बांधा. दरवाजा वेगळा, लहान हप्ता.

अमळनेरची: मी एमएस प्रोजेक्टमध्ये Milestones फिल्टर लावला तर एकही ओळ आली नाही. फाइल बिघडली का?

जळगावकर_सिव्हिल: नाही ताई. कालावधी 0 दिलेलं किंवा टप्पा म्हणून खूण केलेलंच काम त्यात येतं. तुम्ही सगळ्यांना दिवस दिले असतील. पायाच्या शेवटी ‘जोता मंजूर’ नावाची 0 दिवसांची ओळ घाला, मग येईल.

तापीकाठ: बरं बाबा, करतो तक्ता. पण गँट काढणार नाही, परिशिष्टात राहील.

धुळे_ठेकेदार: परिशिष्ट कोण वाचतो! आधी माझे पैसे सांगा.