वेणी निवडताना केस बांधूनही फोटो काढावा

‘मे महिन्यात ठाण्यात माझं लग्न आहे. केस कमरेपर्यंत आहेत, चेहरा गोल आहे, मग फोटोतली जाड वेणी जमेल ना?’

लांबी पुरेशी आहे, पण जाडी मोकळ्या केसांच्या फोटोवरून कळत नाही, कारण पाठीवर पसरलेले केस बऱ्याचदा दाट भासतात. केस मानेशी रबराने घट्ट बांधून पाठमोरा फोटो काढावा आणि बांधलेल्या जागेची जाडी टोकाशी ताडून पाहावी. टोकाकडे ते निम्म्याहून बारीक होत असतील, तर तशी वेणी गंगावनाशिवाय होणार नाही; आणि गंगावन मुळाशी नीट गुंफलेले नसेल, तर गजऱ्यांच्या वजनाने ते हळूहळू खाली सरकते, ठाण्यातल्या मे महिन्याच्या घामात तर लवकरच. अशा केसांना मानेवरचा अंबाडा माझ्या मते अधिक शोभतो. गोल चेहऱ्यासाठी माथ्यावर थोडा उंचवटा ठेवावा, कानांवर मात्र फुगवटा नको. मुंडावळ्यांची दोरी कपाळावरून मागे नेऊन बांधतात, आणि निवडीसाठी पाहिलेल्या बहुतेक फोटोंत ती नसते. म्हणून ट्रायलच्या दिवशी ती बांधूनच समोरून व बाजूने फोटो घ्यावेत. उंचवटा दोरीखाली दबत असेल, तर तो थोडा मागे घ्यायला सांगावे.