मदत हवी: मिनॉक्सिडिल, शाम्पू, रोलर तिन्ही चालू, डोकं पेटलंय

अंबडकर_शिफ्टवाला: केस गळतात म्हणून दोन महिने झाले, पाच टक्के मिनॉक्सिडिल, किटोकोनॅझोलचा शाम्पू आणि रोलर. टाळू लाल, खाज, काळ्या शर्टावर पांढरा भुगा. शिफ्ट बदलली की डोस चुकतो मग पुढच्या वेळी दुप्पट लावतो. एकच वेळापत्रक द्या, लेक्चर नको.

मेडिकलवाली_ताई: लोशन का फोम? रोलरच्या सुया केवढ्या? आणि रोलरनंतर औषध किती वेळाने?

अंबडकर_शिफ्टवाला: लोशन. दीड मिमी. शनिवारी सुट्टी असते, तेव्हा शाम्पू, रोलर आणि लगेच लोशन. भोकं पडलेली असतात तर आत चांगलं जाईल ना?

जिमवाला_भाऊ: बरोबर करतोयस. जळजळतंय म्हणजे काम करतंय, मी तर दिवसाआड फिरवतो.

मेडिकलवाली_ताई: भाऊ, दीड मिमी दिवसाआड? मुंबईच्या डॉक्टरांचा २०१३ चा जो अभ्यास सगळे दाखवतात त्यातही रोलर आठवड्यातून एकदाच होता आणि मिनॉक्सिडिल चोवीस तासांनी पुन्हा सुरू केलं होतं. ताज्या भोकांत लोशन गेलं तर त्यातलं अल्कोहोल आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल झोंबतं, शिवाय औषध रक्तात जास्त जातं.

अंबडकर, लाली जाईपर्यंत सगळं बंद. मग आधी फक्त मिनॉक्सिडिल, एक मिली दोनदा, कोरड्या टाळूवर. घड्याळ बघू नको, उठल्यावर एकदा आणि झोपायच्या दोन तास आधी एकदा, म्हणजे शिफ्ट कुठलीही असो. चुकला तर चुकला, दुप्पट नाही. लावल्यावर चार तास डोकं धुवायचं नाही. दोन आठवडे शांत गेले तर सोमवार-गुरुवार शाम्पू, तीन-पाच मिनिटं ठेवून धुवायचा. रोलर सगळ्यात शेवटी, शनिवारी, त्या दिवशी हा शाम्पू नाही आणि लोशन थेट रविवारी रात्री. नुसत्या लोशननेच पुन्हा लाल झालं तर प्रॉपिलीन ग्लायकॉल सोसत नसेल, मग डॉक्टरांना विचारून फोम, त्यात ते सहसा नसतं.

लासलगावचा_पाहुणा: एवढा खर्च कशाला, आमच्याकडे कांदा मातीमोल झालाय, रस लावा. माझ्या मेव्हण्याला आले केस.

जिमवाला_भाऊ: मेव्हण्याचे केस आले का वास आला? 😄 ताई, शनिवारचे दोन डोस बुडवून केस गळणार नाहीत का?

मेडिकलवाली_ताई: एका दिवसाने काही होत नाही. महिनाभर सोडलं तर वेगळं. आणि पांढरा भुगा कधीकधी वाळलेलं लोशनच असतं, कोंडा समजून लोक शाम्पू वाढवतात.

अंबडकर_शिफ्टवाला: हो, मी रोज लावायला लागलो होतो शाम्पू 🙈 बरं अजून एक, शनिवारी रात्री छातीत धडधडतं, पाय पण थोडे सुजतात. उभ्याची ड्युटी आहे म्हणून असेल ना?

मेडिकलवाली_ताई: हे पहिल्या पोस्टमध्ये का नाही लिहिलंस रे? आजपासून लोशन बंद, उद्या सकाळी डॉक्टरकडे जाऊन बीपी आणि ईसीजी. धडधड आत्ता चालू असेल किंवा छातीत दुखत असेल तर उद्याची वाट बघू नकोस.

लासलगावचा_पाहुणा: बीपीवर पण कांदा चांगला.