खातेउताऱ्यातील चुकीची शिल्लक आणि बँकेचा दिलगिरीचा संदेश: सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

सुनंदाताई: सर्वांना नमस्कार. आपल्यापैकी बऱ्याच जणांची खाती ज्या बँकेत आहेत, तिच्याकडून आज सकाळी आलेला संदेश जसाच्या तसा खाली देत आहे.

«प्रिय ग्राहक, गेल्या महिन्याच्या काही खातेउताऱ्यांमध्ये तांत्रिक कारणामुळे चुकीची शिल्लक दर्शवली गेली आहे. ही त्रुटी दूर करण्यात आली असून सुधारित खातेउतारा लवकरच पाठवण्यात येईल. झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.»

हा संदेश पुन्हा पुन्हा वाचूनही माझे पैसे जागेवर आहेत की नाहीत, एवढी एकच गोष्ट मला त्यातून कळलेली नाही. खातेउताऱ्यावर अखेरची शिल्लक 27,350 आहे आणि मोबाइलवर त्याच तारखेची शिल्लक 23,850 दिसते. मधले 3,500 रुपये कुठे गेले हे पाहण्यासाठी मी प्रत्येक नोंद तपासली, परंतु 3,500 रकमेची एकही नोंद त्यात नाही.

नितीन: माझ्याकडे याच्या नेमके उलट झाले आहे. खातेउताऱ्यात 6,000 कमी आहेत आणि मोबाइलवर जास्त. सोसायटीचे खातेही याच बँकेत आहे. ते तिथेच ठेवण्याचा आग्रह कोणाचा होता, हे सर्वांना आठवत असेलच. त्यामुळे खजिनदारांनी कृपया खुलासा करावा.

माधवराव (खजिनदार): नितीन, तो निर्णय सर्वसाधारण सभेचा होता आणि त्या सभेला तुम्हीही उपस्थित होता, याची नम्रपणे आठवण करून देतो. सोसायटीच्या खातेउताऱ्यावरील आकडाही मोबाइलवरच्या आकड्याशी जुळत नाही. मी शाखेत चौकशी करून कळवतो. तोपर्यंत कोणी निष्कर्ष काढू नयेत, ही विनंती.

वसंतकाका: चुकीचा खातेउतारा कोणीही पुसून टाकू नये.

शुभदा: सुनंदाताई, मी बँकेच्या लेखा विभागात बरीच वर्षे काम केले आहे, म्हणून विचारते. या खातेउताऱ्याच्या अगदी वर लिहिलेली प्रारंभिक शिल्लक किती आहे आणि त्याच्या आधीच्या महिन्याच्या खातेउताऱ्यावरील अखेरची शिल्लक किती होती, हे दोन आकडे सांगाल का?

सुनंदाताई: प्रारंभिक शिल्लक 42,600 आहे. आधीच्या महिन्याची अखेरची शिल्लक 39,100 होती. हे दोन आकडे सारखेच असायला हवेत ना?

शुभदा: हो, सारखेच असायला हवेत आणि चूक नेमकी तिथेच आहे. त्या दोन आकड्यांमधील फरक 3,500 आहे. आता आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाच्या नोंदी पाहा. संध्याकाळनंतर काही जमा किंवा नावे झाले आहे का?

सुनंदाताई: त्या दिवशी उशिरा 8,500 जमा झाले होते आणि स्थायी सूचनेनुसार 12,000 चा हप्ता गेला होता.

शुभदा: 12,000 नावे आणि 8,500 जमा, म्हणजे निव्वळ 3,500 ची घट. एका रकमेचा हा फरक नसून दोन नोंदींचा निव्वळ परिणाम आहे, म्हणून 3,500 ची नोंद शोधून तुम्हाला सापडली नाही. नव्या खातेउताऱ्याने सुरुवातीला घेतलेला आकडा या दोन्ही नोंदी होण्यापूर्वीचा आहे. त्यापुढची प्रत्येक जमा आणि प्रत्येक नावे नोंद बरोबर आहे, पण पायाच 3,500 ने वर असल्यामुळे खालची प्रत्येक ओळ तेवढ्याच रकमेने वर गेली आहे. 42,600 मध्ये महिन्याची जमा 22,000 मिळवून 37,250 वजा केले की 27,350 येतात, म्हणजे खातेउताऱ्यातील बेरीज-वजाबाकी आतल्या आत व्यवस्थित जुळते आणि नुसती बेरीज तपासणाऱ्याला ही चूक कधीच सापडत नाही. त्याच नोंदी 39,100 पासून धरल्या तर 23,850 येतात, आणि तेच मोबाइलवर दिसत आहेत. नितीन, तुमच्याकडे त्या संध्याकाळी 6,000 ची एकच जमा झाली असावी, असा माझा अंदाज आहे.

नितीन: अंदाज बरोबर आहे. पण मग बँकेने हे का लिहिले नाही? «तांत्रिक कारण» या शब्दांत तर काहीही बसते.

वसंतकाका: पुन्हा लिहितो. चुकीचा खातेउतारा कोणीही पुसून टाकू नये.

माधवराव (खजिनदार): शाखेशी बोलणे झाले. महिनाअखेरच्या रात्री दिवसअखेरीचे काम नेहमीपेक्षा लांबले, परंतु खातेउतारे तयार करण्याचे काम ठरलेल्या वेळी आपोआप सुरू झाले आणि त्याने सर्व नोंदी पूर्ण होण्यापूर्वीची, त्या क्षणाची शिल्लक प्रारंभिक म्हणून उचलली, असे मला सांगण्यात आले. मूळ खातेवही बरोबर असून चूक फक्त उताऱ्यात आहे, असेही ते म्हणाले. लेखी मात्र त्यांनी अजून काही दिलेले नाही.

शुभदा: माधवराव, तुम्ही विचारून आलात ते फार बरे झाले, कारण सगळा प्रश्न या एका फरकावर अवलंबून आहे. चूक खातेवहीत असती तर ती दुरुस्त करण्यासाठी बँकेला खात्यात उलट नोंद करावी लागली असती, आणि ती नोंद स्वतःच्या तारखेने आपल्याला दिसली असती, कारण आधीची नोंद खोडता येत नाही. चूक फक्त उताऱ्यात असेल तर खात्यात एकही नवीन नोंद होता कामा नये. तेव्हा पुढच्या काही दिवसांत कोणाच्याही खात्यात «दुरुस्ती» नावाची जमा किंवा नावे नोंद दिसली, तर ती मुकाट्याने स्वीकारू नये आणि लगेच विचारणा करावी. व्याज खातेवहीतील रोजच्या शिलकीवर मोजले जाते, छापलेल्या उताऱ्यावर नाही. म्हणून खातेवही खरोखर बरोबर असेल तर व्याजात फरक पडलेला नसणार.

नितीन: मला आताच आणखी एक संदेश आला आहे. शिलकीतील फरकाची रक्कम परत मिळवण्यासाठी दिलेल्या दुव्यावर जाऊन खाते क्रमांकाची खात्री करावी, असे त्यात लिहिले आहे.

शुभदा: तो दुवा कृपया उघडू नका. आता पाहिल्याप्रमाणे तुमच्या खात्यात कुठलीही रक्कम कमी-जास्त झालेली नाही, मग परत मिळण्यासारखे काही उरतच नाही. बँकेच्या संदेशात संदिग्धता असली की अशा फसवणुकीला जागा मिळते. पैसे देणे-घेणे नाही, आणि ग्राहकाने कोणतीही माहिती द्यायची नाही, ही दोन वाक्ये मूळ संदेशातच असायला हवी होती.

सुनंदाताई: खातेवही बरोबर आहे हे ऐकून धीर आला, पण माझा मूळ प्रश्न तेवढ्याने सुटत नाही. खातेउताऱ्यावर 27,350 पाहून मी 25,000 चा चेक दिला होता. तो शिल्लक अपुरी म्हणून परत गेला आणि त्याचे शुल्कही माझ्याच खात्यातून कापले गेले. ज्यांना चेक दिला होता त्यांच्यासमोर मला मान खाली घालावी लागली. याला «गैरसोय» म्हणणे मला मान्य नाही.

अपर्णा: सुनंदाताई, तुमचे म्हणणे अगदी योग्य आहे. माझीही अडचण वेगळ्या प्रकारची आहे. कर्जाच्या अर्जासोबत मी हाच खातेउतारा दिला आहे. आता बँक त्याच महिन्याचा, वेगळी शिल्लक असलेला दुसरा उतारा देणार. कर्ज देणाऱ्या संस्थेने दोन्ही शेजारी ठेवून पाहिले तर पहिला मी स्वतः बदलून दिला, असा संशय कोणालाही येईल.

वसंतकाका: मी सकाळपासून हेच लिहितो आहे. चुकीचा खातेउतारा कोणीही पुसून टाकू नये.

माधवराव (खजिनदार): काका, आपला मुद्दा सर्वांपर्यंत पोहोचला आहे. इतरांचेही संदेश वाचता यावेत, एवढीच विनंती.

शुभदा: काकांचे म्हणणे अगदी रास्त आहे आणि त्याचे कारण अपर्णाच्या अडचणीतच आहे. सुधारित उतारा बहुधा जुन्याच्या जागी, त्याच नावाने ठेवला जाईल आणि पहिला तिथून नाहीसा होईल. मग सुनंदाताईंनी कोणत्या आकड्यावर विसंबून चेक दिला, हे दाखवायला त्यांच्या हाती काहीच राहणार नाही. चेक परत गेला तेव्हा खात्यात खरोखरच पुरेशी रक्कम नव्हती, असे बँक म्हणेल आणि ते खरेही असेल. पण ग्राहक ज्या कागदावर विसंबला तो बँकेनेच दिला होता, हे दाखवता आले तर शुल्क परत मागण्याला आधार मिळतो. समोरच्या व्यक्तीने वेगळे शुल्क लावले असेल तर त्याची पावती लागेल. ती रक्कम बँक आपणहून देईल, असे मी सांगू शकत नाही. अपर्णाने मात्र फक्त सुधारित उतारा घेऊन थांबू नये. आधीचा उतारा बँकेनेच दिला होता, त्यातील प्रारंभिक शिल्लक चुकीची होती आणि आता तो रद्द केला आहे, असे खाते क्रमांक व दोन्ही उताऱ्यांच्या तारखांसह लिहिलेले पत्र मागावे.

नितीन: मग आपण सर्वांनी मिळून बँकेला एकच निवेदन द्यावे आणि दिलगिरीचा संदेश नव्याने पाठवण्याची मागणी करावी. नाहीतर प्रत्येक जण वेगवेगळे बोलणार आणि प्रत्येकाला वेगळे उत्तर मिळणार. माधवराव, सकाळचा माझा सूर थोडा चढा होता, पण काम तुम्हीच करू शकाल.

माधवराव (खजिनदार): निवेदन मी नेतो. सोसायटीच्या खात्याचा ताळमेळही सुधारित उतारा येईपर्यंत थांबवत आहे, कारण चुकीच्या प्रारंभिक शिलकीवर तो कधीच जुळणार नाही. शुभदाताईंनी मसुदा द्यावा.

शुभदा: बँकेने ग्राहकांना काय कळवावे, हेच निवेदनात लिहू या. माझा मसुदा असा आहे.

«प्रिय ग्राहक, आपल्या गेल्या महिन्याच्या खातेउताऱ्यावर आम्ही चुकीची प्रारंभिक शिल्लक छापली. आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाच्या उशिराच्या नोंदी पूर्ण होण्यापूर्वीचा आकडा त्यात घेतला गेला, त्यामुळे त्याखालील प्रत्येक शिल्लक तेवढ्याच रकमेने चुकली. ही चूक आमची आहे आणि त्याबद्दल आम्ही आपली माफी मागतो. आपल्या खात्यातील प्रत्यक्ष रक्कम आणि व्याज यांत बदल झालेला नाही, त्यामुळे खात्यात कोणतीही दुरुस्तीची नोंद होणार नाही आणि आपल्याला कोणतीही माहिती द्यावी लागणार नाही. चुकीची आणि बरोबर, अशा दोन्ही प्रारंभिक शिलका दाखवणारा व «सुधारित» असा शिक्का असलेला उतारा अमुक तारखेपर्यंत नेहमीच्याच मार्गाने मिळेल. आधीचा उतारा «रद्द» अशा खुणेसह उपलब्ध राहील. चुकीच्या आकड्यावर विसंबल्यामुळे चेक परत गेला किंवा हप्ता चुकला असेल, तर आमचे शुल्क आम्ही परत करू. हप्ता चुकल्याची नोंद पत-माहितीत गेली असल्यास ती दुरुस्त करून घेऊ आणि आपल्याला हवे असल्यास तसे पत्र देऊ.»

अपर्णा: यात तारखेची जागा रिकामी आहे. ती बँकेनेच भरावी, पण «लवकरच» हा शब्द आपण स्वीकारणार नाही, हे निवेदनात स्पष्ट लिहावे.

सुनंदाताई: माझ्या परत गेलेल्या चेकची तारीख, कापलेले शुल्क आणि दोन्ही महिन्यांच्या उताऱ्यांच्या प्रती मी आज संध्याकाळी माधवरावांकडे देते. शुल्क परत आल्याचे मला खात्यात वेगळ्या नोंदीने दिसले पाहिजे, कारण ते खरोखर कापले गेले होते.

माधवराव (खजिनदार): ते योग्यच आहे, तशी ओळ घालतो. ज्यांना सही करायची असेल त्यांनी उद्या रात्रीपर्यंत आपली चुकीची प्रारंभिक शिल्लक आणि आधीच्या महिन्याची अखेरची शिल्लक मला वैयक्तिक संदेशाने कळवावी. खाते क्रमांक कृपया ग्रुपवर लिहू नयेत. निवेदनाच्या एका प्रतीवर मी बँकेचा पोच-शिक्का घेऊन येईन.