हिंदीच्या पेपरात मराठी आली तर गुण किती कापता? अनुभव लिहा

धागा काढणारी, कोरेगाव तालुका, नववी-दहावीला हिंदी

सहामाहीचे पेपर तपासून झाले आणि स्टाफरूममध्ये वाद झाला, म्हणून विचारतेय. नववीला पाच गुणांचं पत्र होतं: मित्राला गावच्या जत्रेचं निमंत्रण. एका मुलाच्या पत्राला मी चार दिले. आमच्याकडे काही पेपर दुसऱ्या शिक्षकाने पुन्हा पाहायची पद्धत आहे. त्या सरांनी त्याच पत्राला दीड दिला. पोरगा वाईकडचा, इथे मामाकडे राहतो. त्याचा मधला मजकूर जसाच्या तसा देते:

"हमारे गाँव में रंगपंचमी को बगाड निकलता है। मैं पिछले साल सब देखा। बड़े लोग गच्ची पर बैठते हैं, हम दोनों खाली बैठेंगे। घर में बहुत पाहुने आते हैं। पीने का पाणी साथ लाना। अभ्यास पूरा करके आना, नहीं तो सर हमें शिक्षा देंगे।"

सरांनी बगाड, गच्ची, पाहुने आणि पाणी या चार शब्दांना लाल गोल केले. "हा पेपर हिंदीचा आहे, अर्धी मराठी लिहिलीय," असं त्यांचं म्हणणं. माझं म्हणणं, पत्र जिवंत आहे, मायना-समारोप बरोबर आहे, निमंत्रण पोचतंय. तुम्ही काय करता? नियम सांगू नका, प्रत्यक्षात काय केलं ते सांगा.

इस्लामपूरहून, चार वर्षं नोकरी

मॅडम, मी सरळ हिशोब ठेवतो. एक मराठी शब्द, अर्धा गुण वजा. सगळ्यांना सारखं. नाहीतर "तिला कापला नाही, मला का?" म्हणून पोरं मागे लागतात. भावनेत गेलात की तपासणी संपली. तुमच्या सरांनी चार शब्दांचे दोन कापले असतील आणि वर आणखी दीड कशाचा कापला ते कळलं नाही, पण पद्धत बरोबर आहे.

वाईहून, निवृत्त, बोर्डाला परीक्षक आणि पुढे नियामक

सगळ्यांना सारखं हवं, हे तुमचं बरोबर. पण शब्दाला अर्धा या हिशोबात बारा ओळी लिहिणारा नेहमी मरतो. ज्याने चार ओळी लिहिल्या, त्याच्या हातून चुकायला जागाच नसते. असे गठ्ठे मी पाहिलेत. धीट मुलाला दोन, गप्प मुलाला चार.

तपासायला बसायच्या आधी पाच गुणांची फोड कागदावर लिहायची. आमची अशी असे: मायना-समारोपाला एक, मजकुराला दोन, भाषेला दोन. मिसळ झाली तर कापायचं ते भाषेच्या दोनातूनच. मजकुराच्या डब्यात हात घालायचा नाही. आणि एका जातीची चूक दहा वेळा आली तरी एकदाच कापायची.

आता तुमच्या सरांचे गोल. बगाड हे मिसळणं नव्हेच. बावधनचं बगाड भोपाळच्या माणसाला सांगायचं तरी बगाडच म्हणावं लागेल. त्याला हिंदीत नेमका शब्द नाही. पाहुने तर हिंदी शब्दकोशात आहे. पाहुना म्हणजे अतिथी. पोराने 'णे'चं 'ने' केलं, शब्द बरोबर बसला. पाणी ही लिहिण्यातली चूक. उच्चार मराठी, शब्द तोच. राहिली गच्ची. ती मराठी, तिथे छत हवं होतं.

पण सरांनी आणि तुम्हीही ज्याला गोल केला नाही ते बघा. "सर हमें शिक्षा देंगे." व्याकरण शुद्ध, शब्द शुद्ध, पण हिंदीत त्याचा अर्थ सर आम्हाला शिकवतील. त्याला म्हणायचंय सजा देतील. "हम दोनों खाली बैठेंगे" म्हणजे आम्ही दोघं रिकामटेकडे बसू. तुम्हाला मराठी येते म्हणून तुम्ही 'खाली'चा 'नीचे' मनातल्या मनात करून घेतला आणि पुढे गेलात. सातारा-सांगलीत हिंदी तपासणारे आपण बहुतेक सगळे घरी मराठी बोलणारे. त्यामुळे डोळ्याला टोचते ती गच्ची, आणि अर्थ उलटवणारा शब्द सुटतो.

मी स्वतःला एकच प्रश्न विचारायचो: मराठीचं अक्षर न कळणारा माणूस हे वाचताना कुठे अडखळेल, आणि कुठे न अडखळता चुकीच्या रस्त्याला लागेल? अडखळला तर निदान विचारेल तरी. दुसरी चूक जास्त वाईट, असं माझं मत.

कराडहून, पालक

चांगला विषय. माझी मुलगी पाचवीत आहे, सेमीला घालावं की नको ते कळत नाही. विज्ञानाच्या उत्तरात तिने 'प्रकाशसंश्लेषण' मराठीत लिहिलं तर गुण कापतील का? शिवाय गणितात 'इज इक्वल टू' म्हणायचं की बरोबर?

सांगलीहून, कॉलेजवर अर्थशास्त्र

ताई, इथे हिंदीच्या पेपराचं चाललंय, पण तुमचा प्रश्न अगदीच वेगळा नाही. माझ्याकडे बी.ए.ला मराठी माध्यमाची मुलं "प्राइस वाढली की डिमांड कमी होते, पण मिठाच्या बाबतीत फारशी नाही कारण त्याला पर्याय नाही" असं लिहितात. मी एकही गुण कापत नाही. मला लवचिकता कळली का ते बघायचंय, आणि कळलीय. शेजारच्या पेपरात "मागणीची लवचिकता ही अत्यंत महत्त्वाची संकल्पना होय" असं शुद्ध मराठीत तीन ओळी असतात आणि आत काही नसतं. तिथे कापतो. पण हे विषयाच्या पेपरात. हिंदीच्या पेपरात हिंदीच तपासायची आहे, तिथे माझी सूट लावता येणार नाही. सेमीचं शाळेत विचारा, प्रत्येक शाळेचं वेगळं ऐकलंय.

जत तालुका, प्राथमिक शाळा

आमच्याकडे गाडी उलटी. पोरांच्या घरी कन्नड, पेपर मराठीचा, आणि मी साताऱ्याकडची. कन्नड जेमतेम भाजी घेण्यापुरती. म्हणजे वाईचे सर म्हणतात तो भाषा न येणारा वाचक मीच.

पहिल्या वर्षी एका मुलीने निबंधात लिहिलं, "शाळा सुटलं, बस आलं, आई वाट बघत होती." मी 'सुटलं' आणि 'आलं' दोन्हीला खुणा केल्या आणि निष्काळजी म्हणून शेरा मारला. पुढे गठ्ठाभर वह्यांत तेच दिसलं. आई 'होती' बरोबर, दादा 'आला' बरोबर, आणि खुर्ची, बस, शाळा, वही सगळं 'मोडलं, आलं, सुटलं, फाटलं'. शाळेतल्या कानडी सहकाऱ्याने उलगडा केला. कन्नडमध्ये बाई आणि पुरुष सोडले तर वस्तू सगळ्या नपुंसकलिंगी. म्हणजे पोरगी निष्काळजी नव्हती, नियमाने चालली होती, फक्त नियम घरचा होता. आता मी ही एकच चूक धरते आणि एकदाच कापते. शेरा मारत नाही, तीन शब्द फळ्यावर लिहून घेते.

एखादी वहीत "ऊट झाल्यावर" लिहिते, म्हणजे जेवण झाल्यावर. सुरुवातीला मला उंट वाटला होता!

कोरेगाव, धागा काढणारी

जतच्या ताई, तुमचं वाचून माझ्या मुलाची दुसरी ओळ पुन्हा पाहिली. "मैं पिछले साल सब देखा." तिथे 'मैंने' हवं. मी ही विसरभोळेपणाची चूक समजत होते. मग वर्गातले बाकीचे पेपर काढले. "राम ने देखा", "उसने बताया" बहुतेकांचं बरोबर. 'मैं' आणि 'हम' आले की 'ने' गायब. आणि का ते आत्ता लक्षात आलं. मराठीत 'रामने पाहिलं' म्हणतो, पण 'मी पाहिलं', 'आम्ही पाहिलं'. मीने कुणी म्हणत नाही. इतकी वर्षं शिकवतेय, पण हे दोन खण असे शेजारी ठेवून कधी शिकवले नव्हते.

मग वाईच्या सरांच्या फोडीने पुन्हा तपासलं. मायना-समारोप एक. मजकूर दोन, कारण कधी यायचं, काय बघायचं, काय आणायचं सगळं आहे. भाषेच्या दोनातून गच्चीचा अर्धा, 'ने'चा अर्धा, खाली आणि शिक्षा एका जातीचे म्हणून दोन्ही मिळून अर्धा. पाणीखाली नुसती रेघ. एकूण साडेतीन. माझे चार जास्त होते हे कबूल.

आमचे सर दीडवरून तीनवर आले, पण साडेतीनला तयार नाहीत. त्यांचं म्हणणं, शिक्षा आणि खाली एका जातीचे कसे? दोन वेगळे शब्द, दोन वेळा अर्थ फसला, म्हणजे एक गुण.

वाईहून, निवृत्त

त्यांच्या म्हणण्यात दम आहे. आमच्या वेळीही यावर एकमत नव्हतं. 'ने' हा एक नियम आहे, तो एकदा कळला की सगळीकडे सुधारतो, म्हणून एकदाच कापायचा. पण शिक्षा कळल्याने खाली कळत नाही. प्रत्येक शब्द वेगळाच शिकावा लागतो. मी एकदाच कापायचो, पण ते सवयीने, त्यामागे मोठं तत्त्व नव्हतं.

इस्लामपूरहून

सर, मग अर्धा प्रति शब्द म्हणजे माझंच आलं की फिरून.

वाईहून, निवृत्त

तेवढ्या एका कोपऱ्यात आलं, बाबा. बगाडला लावू नकोस म्हणजे झालं.

मूळचा तासगावचा, बँकेत

मी शिक्षक नाही, पण शिक्षा भोगलेली आहे (मराठी अर्थाने). बढतीवर मध्य प्रदेशात गेलो. पहिल्याच आठवड्यात शिपायाला म्हणालो, "फाइल खाली रख दो." त्याने फाइलमधले सगळे कागद काढून टेबलावर ठेवले आणि रिकामी फाइल माझ्या हातात दिली. पुढे एका सहकाऱ्याबद्दल "उन्होंने राजीनामा दे दिया" म्हणालो, तर समोरच्याने विचारलं, "अच्छा, किससे समझौता हुआ?" तिकडे राजीनामा म्हणजे तडजोड. शाळेत मला हिंदीत कायम चांगले गुण असायचे. यातला एकही शब्द कुणी कधी लाल केला नव्हता.

बायको इंदूरची. मराठी तिला अजून फारशी येत नाही. म्हटलं, वाईच्या काकांची कसोटी खरीच लावून बघू. पोराचं पत्र तिला वाचायला दिलं. बगाडला थांबली, "कोई जुलूस होगा" म्हणाली आणि पुढे गेली. गच्चीला क्षणभर थांबली, "पर बैठते हैं" आहे म्हणजे छतच असणार म्हणाली. पाणीवर हसली. खाली बैठेंगे आणि शिक्षा देंगे या दोन्हीला अजिबात अडली नाही, सरळ चुकीचा अर्थ घेऊन वाचत गेली. काकांनी सांगितलं तसंच.

पण शेवटच्या ओळीवर तिने मला विचारलं, "किस चीज़ का अभ्यास? गाँव में नाटक-वाटक है क्या?" अभ्यास म्हणजे तिच्या लेखी सराव, तालीम. इथे इतक्या जणांनी ते पत्र वाचलं, काकांनीही, आणि हा शब्द कुणालाच दिसला नाही.

कोरेगाव, धागा काढणारी

मलाही नाही. उद्या सरांना दाखवते. आता ते तीनवरही राहायचे नाहीत.