मदत हवी आहे: रेझिस्टर केरात गेला, फक्त फोटो उरलाय, दोन्ही टोकांना ब्राऊन पट्टा, कुठून वाचायचा?

मृदुला_सांगली: नमस्कार मंडळी. बाबांनी बनवलेला एक पॉवर सप्लाय आहे घरात, LM317 वाला, पुढे एक नॉब, नॉबभोवती त्यांनी पेन्सिलीने ५, ९, १२ असे खुणा केलेत. परवा आतली धूळ काढताना एका निळ्या रेझिस्टरचा पाय तुटला म्हणून तो काढून टेबलावर ठेवला आणि सकाळी टेबल पुसताना तो केराबरोबर गेला, कचरा पण गाडीत गेला. काढायच्या आधी मोबाईलवर फोटो काढला होता तेवढाच आता हातात आहे. पाच पट्टे दिसतात. डावीकडून ब्राऊन, ब्लॅक, ब्लॅक, चौथा रेड आहे की ऑरेंज तेच कळत नाही, आणि शेवटी परत ब्राऊन. खोलीतला दिवा पिवळा होता. मी रेड धरून १०० गुणिले १०० म्हणजे १० के काढलं, शेवटचा ब्राऊन म्हणजे एक टक्का. दुकानात जायच्या आधी कोणीतरी खात्री करून द्या प्लीज, बाबांची वस्तू आहे, चुकीचं काही लावायचं नाहीये.

बीबीरॉय_५५: १० के बरोबर आहे. एक टक्का पण बरोबर. टॉलरन्सचा पट्टा बाकीच्यांपेक्षा थोडा लांब असतो, त्या बाजूने कधीच सुरुवात करायची नाही, एवढं पाळलं की चूक होत नाही.

मृदुला_सांगली: काका तेच तर बघत होते, फोटो मोठा करून स्क्रीनवर पट्टी लावून मोजलं, पाचही पट्टे सारख्याच अंतरावर वाटतात 😟

ओहम_पुणेकर: यावर १०३ किंवा १००२ असं काही छापलेलं नाही का? बारीक असतं, भिंगाने बघा. माझ्या सगळ्या बोर्डांवर आकडेच असतात.

मृदुला_सांगली: नाही दादा, ते चपटे काळे वेगळे. हा लांबट, दोन्हीकडे तारा असलेला.

वायरमन_कराड: थांबा, लगेच १० के आणू नका. दोन्ही टोकांना ब्राऊन असेल आणि अंतर सारखं असेल तर उलटं वाचून बघावंच लागतं. उलटीकडून तो होतो ब्राऊन, रेड, ब्लॅक, ब्लॅक, ब्राऊन. म्हणजे १२० आणि पुढे गुणाकार एकचा, १२० ओहम, एक टक्का. बहुतेक रेझिस्टर उलटे वाचले की बाजारात मिळतच नाही असा आकडा येतो आणि चूक आपोआप पकडली जाते, पण इथे १० के पण मिळतो आणि १२० पण मिळतो म्हणून पट्टे बघून निकाल लागणार नाही. लांब अंतराचा नियम खरा आहे पण स्वस्तातल्या निळ्या रेझिस्टरांवर तो पाळलेला असतोच असं नाही, मी स्वतः दोनदा फसलोय.

आता तो पट्टा ऑरेंज निघाला तर अजून दोन उत्तरं, सरळ वाचलं तर १०० के, उलटं वाचलं तर १३० ओहम. चार शक्यता झाल्या. मला एवढं सांगा की फोटोत त्या रेझिस्टरची दोन टोकं LM317 च्या कुठल्या पायांना जातात?

मृदुला_सांगली: आकडे छापलेली बाजू समोर धरली तर एक टोक डावीकडच्या पायाला, दुसरं मधल्या पायाला. डाव्या पायावरून अजून एक तार नॉबच्या पॉटला जाते. पॉटवर २२२ लिहिलंय.

वायरमन_कराड: मग १० के आणि १०० के दोन्ही बाद. डावा पाय ॲडजस्ट, मधला आउटपुट, त्या दोघांच्या मधल्या रेझिस्टरवर तो आयसी कायम सव्वा व्होल्ट धरून ठेवतो आणि व्होल्टेज ठरतं ते असं:

```
Vout = 1.25 × (1 + R2/R1)
```

R2 म्हणजे तुमचा पॉट, २२२ म्हणजे २.२ के. R1 जर १० के असता तर नॉब पूर्ण फिरवूनही सव्वाचे जेमतेम दीड व्होल्ट झाले असते, आणि बाबांनी तर १२ ची खूण केलीय. १२० घातलं तर वर २४ च्या आसपास जातं, १३० घातलं तर साडेबावीस. शिवाय या आयसीला काही न जोडता पण थोडा करंट लागतो, १२० मधून साधारण १० मिलिअँप जातो तो त्यासाठीच, आणि १० के मधून ते भागत नाही.

बीबीरॉय_५५: हे पटलं. मी सर्किट न बघता बोललो. पण १२० की १३०?

वायरमन_कराड: त्याला फोटोच लागेल. मृदुलाताई, फोटो व्हॉट्सॲपवरून आलेला आहे का? तिथे आणि तसाही जेपीजी फोटोत उजेड बारकाईने ठेवतात पण रंग जाडाभरडा ठेवतात, त्यामुळे बारीक पट्ट्यात शेजारचा निळा मिसळतो. मोबाईलमधला मूळ फोटो उघडा. बोर्डावरची अक्षरं पांढरी असतील तर एडिटमध्ये वॉर्म्थ कमी करत जा, ती अक्षरं पांढरी दिसेपर्यंतच, पुढे नाही. मग त्याच फोटोत दुसरा कुठला रेझिस्टर असेल ज्याच्यावर नक्की रेड आहे, तो मीटरने मोजून खात्री करा आणि त्याच्या शेजारी ठेवून तुलना करा. डोळ्याने नुसता रंग ओळखू नका, पिवळ्या दिव्यात रेड, ऑरेंज आणि ब्राऊन तिघं एकमेकांकडे सरकतात.

गॅरेजवाला: यावरून आठवलं, माझ्या स्पीकरमध्ये एक आहे, ब्राऊन, ब्लॅक, मग पिवळसर, मग गोल्ड. मी तिसरा यलो धरून १०० के लावला तर आवाजच बंद. तो तिसरा पण गोल्डच असेल का?

वायरमन_कराड: गोल्ड असेल तर १ ओहम. स्पीकरच्या वाटेत १०० के कोणी घालत नाही. फोटो टाका, नुसत्या वर्णनावरून नक्की सांगत नाही.

मृदुला_सांगली: झालं! एलईडीच्या ओळीत एक बदामी रंगाचा रेझिस्टर आहे, रेड रेड रेड गोल्ड, सुटा करून मोजला तर २.१८ के म्हणजे रेड नक्की. अक्षरं पांढरी केल्यावर आपला पट्टा त्याच्यासारखाच दिसतोय पण मला अजून थोडी शंका आहे.

वायरमन_कराड: तुमच्याकडे त्याहून चांगला पुरावा आहे, बाबांच्या खुणा. पाव वॅटचा १२० लावा, एक टक्क्याचा नसला तरी गोल्डवाला पाच टक्क्यांचा चालेल, फक्त लावण्याआधी मीटरवर मोजून १२० च्या जवळचा निवडा. मग काही न जोडता नॉब १२ च्या खुणेवर ठेवून मोजा. मूळ रेझिस्टर १२० असेल तर १२ च्या जवळ दिसेल. तो १३० होता आणि तुम्ही १२० लावला तर त्याच खुणेवर पावणेतेरा-तेरा दिसेल. ९ च्या खुणेवर पण बघा, तिथे साडेनऊच्या वर जाईल.

मृदुला_सांगली: आज लावला, १२०.४ चा निवडला. ५ वर ५.०२, ९ वर ९.०४, १२ वर १२.१. नॉब पूर्ण फिरवला तर २१.६ वर थांबतो, शेवटच्या थोड्या फेरीत काहीच बदल होत नाही, हे ठीक आहे ना?

वायरमन_कराड: ठीक आहे. आत ट्रान्सफॉर्मरकडून जेवढे व्होल्ट येतात त्याच्या दोनेक खालीच हा आयसी पोचतो, मागून येतंच कमी तर नॉब काय करणार. फोटोतला पट्टा रेडच होता.

गॅरेजवाला: फोटो टाकलाय, फ्लॅश मारून काढलाय, बघता का कोणी?

बीबीरॉय_५५: फ्लॅशमुळे दोन्ही पट्टे पांढरेच चमकतायत. खिडकीशी नेऊन, थोडा तिरका धरून परत काढा.